परवाने दोन असू द्या, फायली एकच ठेवा

घरातल्या कॉम्प्युटरची डिस्क भरली की पहिला दोष खेळणाऱ्या मुलांवर येतो. काहीही उतरवून ठेवतात, जुने काढत नाहीत, शिस्त नाही, असे आपण म्हणून मोकळे होतो. माझे मत वेगळे आहे. आज मोठ्या खेळांनी खाल्लेल्या जागेचा बराच हिस्सा मुलांनी मागितलेलाच नसतो. तोच खेळ, तीच चित्रे, तेच आवाज दोनदा-तीनदा डिस्कवर लिहिले जातात, कारण खेळ विकणारे प्रत्येक ऑनलाइन दुकान आपली प्रत वेगळी ठेवते आणि शेजारच्या फोल्डरमध्ये काय आहे ते बघत नाही. ही दुहेरी साठवण थांबवणे दुकानांना शक्य आहे, त्यासाठी लागणारी साधने त्यांच्याकडे आजही आहेत, आणि म्हणून ती थांबवणे हे त्यांचे काम आहे, असे मला ठामपणे म्हणायचे आहे.

हे हवेत बोलण्यापेक्षा एक मशीन उघडून बघू. नाशिकला सिडकोत माझ्या मावशीकडे दोन मुले आणि एक डेस्कटॉप आहे. ५१२ जीबीची एसएसडी. विंडोज तीच डिस्क ४७६ जीबी दाखवते, कारण कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. त्यात विंडोज, त्याचे अपडेट, मोठ्याचे इंजिनीअरिंगचे ड्रॉइंग सॉफ्टवेअर आणि घरचे फोटो मिळून शंभरेक जीबी. उरलेली जवळजवळ सगळी जागा एकाच खेळाने घेतली होती, तो म्हणजे जीटीए ५. मावशीचा प्रश्न सरळ होता, "अरे, एकच खेळ खेळतात ना दोघं? मग एवढी जागा गेली कुठे?"

एकच खेळ खेळतात हे खरेच. पण मोठ्याने तो स्टीम या ऑनलाइन दुकानातून विकत घेतला होता. धाकट्याने मे २०२० मध्ये, लॉकडाऊनच्या दिवसांत, एपिक या दुसऱ्या दुकानाने हा खेळ आठवडाभर फुकट दिला तेव्हा आपल्या नावावर घेऊन ठेवला. दोघांचे परवाने कायदेशीर आणि वेगळे. ऑनलाइन खेळातली गाडी, घर, पैसा खेळ बनवणाऱ्या रॉकस्टार कंपनीकडच्या ज्याच्या त्याच्या खात्याला बांधलेला, म्हणून दोघांना आपापल्या खात्यातूनच खेळायचे असते. नव्या मशीनवर दोघांनी आपापल्या दुकानाच्या लाँचरमधून, म्हणजे खेळ उतरवून चालू करणाऱ्या प्रोग्राममधून, खेळ बसवला. एक प्रत `steamapps\common\Grand Theft Auto V` मध्ये गेली, दुसरी `Epic Games\GTAV` मध्ये. प्रत्येकी शंभर जीबीच्या वर. हिशेबापुरते ११० धरू. शिवाय दोन्ही प्रती चालू करताना रॉकस्टारचा स्वतःचा लाँचर मधे येतोच. म्हणजे एक खेळ, तीन लाँचर, आणि २२० जीबी.

आता या दोन फोल्डरांत फरक किती? चालू करणारी `.exe` वेगळी, दुकानाशी बोलणाऱ्या एक-दोन डीएलएल वेगळ्या. बाकीचे जे अवजड ओझे असते, म्हणजे शहर, रस्ते, गाड्या, आवाज भरलेल्या `x64a.rpf` पासून `x64w.rpf` पर्यंतच्या मोठमोठ्या फायली, ते दोन्हीकडे तेच. दोन दुकानांत जे खरोखर वेगळे आहे ते काही एमबींत बसते आणि जे समान आहे त्याचे शंभर जीबी दोनदा ठेवले जातात.

त्यात मार्च २०२५ मध्ये याच खेळाची एनहान्स्ड आवृत्ती आली. जुन्या मालकांना ती फुकट मिळाली, पण स्वतंत्र खेळ म्हणून. तिला १०५ जीबी जागा लागते आणि जुनी प्रत लेगसी या नावाने जिथल्या तिथे राहते. धाकट्याने तीही घेतली. यात चित्रांचा दर्जा आणि खेळाचे इंजिन खरोखर बदललेले आहे, त्यामुळे तिची वेगळी जागा मी समजू शकतो. पण तीसुद्धा दुकानागणिक वेगळीच बसते.

आणि मग मॉड. मॉड म्हणजे खेळात खेळाडूंनी केलेले बदल: नवी गाडी, वेगळा रंग, एमएच १५ ची नंबरप्लेट. या खेळात मॉड बसवायची रूढ पद्धत म्हणजे ओपनआयव्ही नावाचा प्रोग्राम आणि खेळाच्या फोल्डरमध्ये `mods` नावाचे एक उपफोल्डर. मूळ फायलींना हात न लावता त्यांची नक्कल `mods` मध्ये करायची, बदल त्या नकलेत करायचा, आणि खेळ चालू होताना ओपनआयव्हीची छोटी फाईल खेळाला आधी `mods` मध्ये बघायला लावते. तिथे नसेल तर मूळ फाईल घेतली जाते. मूळ खेळ शाबूत राहतो, बिघडले तर `mods` चे नाव बदलले की झाले. पद्धत चांगली आहे. पण तिची किंमत बघा. गाडी वळणावर कशी वागते ते `handling.meta` या काही शे केबींच्या मजकुरी फाईलमध्ये लिहिलेले असते. ती फाईल `update.rpf` नावाच्या जीबीच्या घरातल्या गठ्ठ्याच्या आत. चार आकडे बदलायचे तरी अख्खा गठ्ठा `mods` मध्ये उतरवावा लागतो. हौशी मुलगा पाच-सहा गठ्ठे असे उतरवतो, काही तर "लागतील" म्हणून न बदलताच. मावशीकडच्या मशीनवर `mods` फोल्डर ३० जीबीच्या आसपास होता आणि त्यातले खरे नवे काम, म्हणजे बाहेरून आणलेल्या गाड्या आणि मुलांनी स्वतः केलेल्या रंगसंगती, तीन जीबींत बसले असते.

म्हणजे दोन प्रती, एनहान्स्ड, मॉड मिळून साडेतीनशे जीबी, वर घरचे शंभर. डिस्क लाल झाली यात नवल नाही.

मधल्या काळात मुलांनी मशीन दुरुस्तीच्या दुकानात नेले होते. तिथल्या कारागिराने सफाईचा एक प्रोग्राम चालवला आणि शेडर कॅशे पुसून दिले. पाच-सहा जीबी मोकळे झाले. मुले घरी आली, खेळ चालू केला, आणि तो अडखळू लागला. प्रत्येक वळणावर क्षणभर चित्र थिजायचे. "आधी चांगलं चालत होतं, आता ग्राफिक कार्ड गेलं की काय?" असे धाकट्याने मला घाबरून विचारले. कार्डाला काहीही झाले नव्हते. आठवडाभरात खेळ पुन्हा सुरळीत चालू लागला आणि ते पाच-सहा जीबीही पुन्हा भरले.

या प्रसंगावर मला थोडे थांबायचे आहे, कारण सफाईचे सगळे सल्ले इथेच उलटे पडतात. शेडर म्हणजे पाणी कसे चमकावे, सावली कशी पडावी हे ग्राफिक कार्डाला सांगणारा छोटा प्रोग्राम. खेळाबरोबर तो अर्धवट शिजलेल्या रूपात येतो, कारण खेळ बनवणाऱ्याला माहीत नसते की तुमच्या मशीनमध्ये कोणते कार्ड आहे. तुमच्या कार्डाच्या भाषेत त्याचे शेवटचे रूपांतर तुमच्याच मशीनवर, ग्राफिक ड्रायव्हर करतो. एकदा केलेले रूपांतर पुन्हा करावे लागू नये म्हणून ते डिस्कवर ठेवले जाते. तेच शेडर कॅशे. एनव्हिडियाचे कार्ड असेल तर ते `%LOCALAPPDATA%\NVIDIA\DXCache` मध्ये, किंवा नव्या ड्रायव्हरांत `AppData\LocalLow\NVIDIA\PerDriverVersion\DXCache` मध्ये सापडते. एएमडीचे `%LOCALAPPDATA%\AMD\DxCache` मध्ये. विंडोज स्वतः `D3DSCache` ठेवते. प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्सवर ही भानगड नसते, कारण त्या मॉडेलचे कार्ड सगळीकडे तेच, आणि शिजवलेला शेडरच खेळाबरोबर पाठवता येतो.

हे कॅशे दुसऱ्या मशीनवर नेऊन उपयोग नाही, आणि ड्रायव्हर बदलला की त्यातले बरेचसे पुन्हा तयार करावे लागते. ते पुसले तर इंटरनेटवरून काही उतरवायचे नसते, फक्त प्रोसेसरला पुन्हा राबायचे असते. तोटा डेटाचा नाही, वेळेचा. आणि हा तोटा ओळखायची खूणही सोपी आहे. एखादा रस्ता पहिल्यांदा पार करताना खेळ अडखळला आणि त्याच रस्त्यावरून दुसऱ्यांदा गेल्यावर अडखळला नाही, तर कॅशे नव्याने भरते आहे, दोन दिवस खेळू द्या. तिथेच दर वेळी अडखळत असेल तर मात्र कार्ड, रॅम किंवा तापमान बघायला हवे. कॅशे मुद्दाम पुसण्याचे एकच खरे कारण मला मान्य आहे: ड्रायव्हर बदलल्यावर चित्रात विचित्र तुकडे दिसणे किंवा खेळ सुरू होतानाच बंद पडणे. तेव्हा जुने कॅशे खराब असू शकते. जागा हवी म्हणून ते पुसणे म्हणजे महिनाभरात परत जाणारी जागा उसनी घेणे. ते हाताबाहेर वाढत असेल तर एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये `Shader Cache Size` या नावाखाली मर्यादा घालता येते. दर आठवड्याला झाडू फिरवण्यापेक्षा ते बरे.

उलट ज्या ढिगाला हात लावायला हवा होता त्याला कारागिराने लावला नाही, आणि त्याला दोष देता येत नाही. सफाईच्या प्रोग्रामला दोन दुकानांतल्या जुळ्या प्रती दिसतच नाहीत. त्याला ते दोन वेगळे, रीतसर बसवलेले खेळ वाटतात. `mods` फोल्डर तर त्याला खेळाचाच भाग वाटतो. आणि खेळ काढून टाकला तरी तो नीट जात नाही: स्टीम खेळ काढताना आपण स्वतः लिहिलेल्या फायली पुसते, मुलांनी टाकलेल्या राहू देते. मॉडचे काम वाचते हा त्याचा फायदा, पण यादीतून खेळ गेलेला असतो आणि `common` फोल्डरमध्ये ३० जीबी कुणाच्याही नजरेस न पडता पडून राहतात. डिस्क तपासताना लाँचरच्या यादीवर विसंबू नका, प्रत्यक्ष फोल्डर उघडा, असे मी सगळ्यांना सांगतो ते यामुळेच.

आम्ही काय केले ते सांगतो. आधी `mods`. ओळखायचे होते की कोणता गठ्ठा खरोखर बदललेला आहे आणि कोणता नुसती नक्कल. त्यासाठी पॉवरशेलमधली एक ओळ पुरते. खेळाच्या फोल्डरमध्ये उभे राहून:

```
Get-FileHash .\x64e.rpf, .\mods\x64e.rpf
```

फाईलच्या आतल्या मजकुरावरून काढलेले दोन लांबलचक ठसे समोर येतात. तंतोतंत सारखे असतील तर `mods` मधली फाईल नुसती नक्कल आहे, ती काढली तरी खेळ मूळ फाईल घेईल. एक अक्षरही वेगळे असेल तर तिथे कुणाचे तरी काम आहे. तिला हात लावायचा नाही. असे करत वीसेक जीबी सुटले. गाड्यांची फोल्डरे, जी `mods\update\x64\dlcpacks` मध्ये असतात, त्यांची नक्कल आधी बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतली, कारण खेळ पुन्हा उतरवता येतो, शेडर पुन्हा शिजतात, पण आंतरजालावरून एव्हाना नाहीशी झालेली गाडी किंवा धाकट्याने रात्री जागून केलेली रंगसंगती परत मिळत नाही. तीन ढिगांपैकी सगळ्यात लहान तोच सगळ्यात मौल्यवान, आणि नेमका तोच ढीग नकलांच्या खाली गाडलेला असतो.

मग जुळ्या प्रती. मोठा आता पुण्याला नोकरीला आहे, सुट्टीत येतो तेव्हा मॉड लावलेली कथा खेळतो. धाकटा ऑनलाइन खेळतो, आणि तेही एनहान्स्डवर. म्हणून एपिकची लेगसी प्रत काढली. ११० जीबी एका झटक्यात सुटले. पण हे जमले ते मुलांच्या सवयी तशा होत्या म्हणून. उद्या मोठ्याने म्हटले की मलाही माझ्या खात्यातून एनहान्स्डवर ऑनलाइन यायचे आहे, तर स्टीम पुन्हा शंभर जीबी मागणार, आणि तेच शंभर जीबी शेजारच्या एपिकच्या फोल्डरमध्ये असतील. घरच्या शिस्तीने हा प्रश्न इथपर्यंतच सुटतो.

"डिस्क स्वस्त झाल्या, दुसरी लावा," असे मला अनेकांनी सुचवले. डेस्कटॉपला लावता येईल. सिन्नर, दिंडोरी, निफाडहून नाशिकला शिकायला आलेल्या पोरांच्या लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा एकच जागा असते, आणि हप्त्याने घेतलेल्या मशीनमध्ये ती ५१२ जीबीची असते. प्रश्न फक्त साठवणीचाही नाही. ११० जीबी १०० एमबीपीएसच्या फायबरवर अडीच तासांत येतात, ३० एमबीपीएसच्या लाइनवर आठ तासांत. गावात रोज दोन जीबी मिळणाऱ्या मोबाइल पॅकवर तेवढेच ५५ दिवस. जी फाईल आधीच मशीनवर आहे ती पुन्हा ओढायला ५५ दिवस लावायला सांगणे अन्यायाचे आहे, मग डिस्क कितीही स्वस्त होवो.

आता दुकानांची बाजू बघू, कारण तिच्यात दम आहे. पहिले म्हणणे: दोन दुकानांतल्या आवृत्त्या सारख्या नसतात. खरे आहे. स्कायरिम स्पेशल एडिशन या खेळाचे उदाहरण मॉड करणाऱ्यांना पाठ आहे: त्याच्या अनेक मोठ्या मॉडना लागणारा एसकेएसई हा जोडप्रोग्राम स्टीमसाठी वेगळा आणि जीओजी या तिसऱ्या दुकानासाठी वेगळा मिळतो, आणि एपिक किंवा मायक्रोसॉफ्टच्या गेमपासच्या प्रतीवर चालतच नाही, कारण `.exe` वेगळी असते. पण हा आक्षेप छोट्या फायलींबद्दल आहे. चालवणारी फाईल ज्याची त्याने ठेवावी. वाटून घ्यायचे आहेत ते अवजड गठ्ठे.

दुसरे म्हणणे जास्त गंभीर: एकाने फाईल बदलली तर दुसऱ्याचा खेळ बिघडेल. ज्यांनी घरी हा प्रयोग केला आहे त्यांना हे माहीत आहे. विंडोजच्या एनटीएफएस डिस्कवर हार्ड लिंक नावाची सोय असते, एकच फाईल दोन फोल्डरांत दोन नावांनी दिसते आणि जागा एकदाच घेते. स्टीमच्या फोल्डरमधली `.rpf` एपिकच्या फोल्डरमध्ये अशी जोडून ठेवावी असे कुणालाही सुचेल. अडचण अपडेटच्या दिवशी येते. लाँचरने नवी फाईल लिहून जुनी बदलली तर जोड तुटतो, आणि न सांगता पुन्हा दोन प्रती होतात. त्याने जागच्या जागीच फाईल दुरुस्त केली तर दुसऱ्या दुकानाच्या दृष्टीने त्याची फाईल त्याला न विचारता बदलली, आणि पुढच्या तपासणीत तो तिला खराब ठरवून जुनी परत लिहितो. दोन्ही मुलांचा खेळ आळीपाळीने बिघडत राहतो. त्यात सप्टेंबर २०२४ पासून जीटीए ऑनलाइनला पीसीवर बॅटलआय हा पहारेकरी प्रोग्राम लागला आहे. एकाची मॉड केलेली फाईल दुसऱ्याच्या ऑनलाइन खेळात शिरली तर प्रकरण बंदीवर जाऊ शकते. म्हणून हा जुगाड मी कुणाला सुचवत नाही.

पण यातून निघतो तो निष्कर्ष दुकानांच्या विरोधातच जातो. बाहेरून जोड लावणाऱ्याला अपडेट कधी येणार, कोणती फाईल बदलणार हे कळत नाही. लाँचरला कळते. स्टीम प्रत्येक खेळ साधारण एक एमबीच्या तुकड्यांत कापून ठेवते आणि प्रत्येक तुकड्याचा ठसा तिच्या यादीत असतो. एपिकचीही पद्धत तुकडे आणि ठशांचीच आहे. "Verify integrity of game files" दाबल्यावर स्टीम नेमके हेच करते: डिस्कवरच्या फायलींचे ठसे काढते, यादीशी ताडते, आणि जे जुळत नाही तेवढेच उतरवते. म्हणजे समोरची फाईल आपल्याला हवी तीच आहे की नाही हे, ती कुणी लिहिली याची पर्वा न करता, खात्रीने ठरवायची यंत्रणा तयार आहे.

आणि ती वापरातही आहे, फक्त चोरवाटेने. जाणकार पोरे आजही एका दुकानाची प्रत दुसऱ्याला देतात. एपिकमध्ये खेळ बसवायला घ्यायचा, दोन-तीन टक्के झाल्यावर थांबवायचा, लाँचर पूर्ण बंद करायचा, स्टीमच्या फोल्डरमधल्या फायली त्या नव्या फोल्डरमध्ये टाकायच्या आणि पुन्हा चालू करायचे. लाँचर त्या तपासतो, जुळणाऱ्या ठेवतो आणि उरलेल्या तेवढ्या उतरवतो. स्टीमच्या बाजूनेही हे जमते. `steamapps\common` मध्ये बरोबर नावाचे फोल्डर आधीच असेल तर बसवताना ती आधी असलेल्या फायली शोधते. जीओजीच्या लाँचरमध्ये तर फोल्डर आयात करायची उघड सोय आहे. या युक्तीने ५५ दिवसांचा डेटा वाचतो. जागा मात्र वाचत नाही, कारण शेवटी प्रती दोनच होतात किंवा एकाला आपली सोडावी लागते.

सगळ्यात बोलका पुरावा मला दुसराच वाटतो. फेब्रुवारी २०२३ पासून स्टीमला घरातल्या किंवा कॅफेतल्या एका मशीनवरचा खेळ नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवर देता येतो. कॉलेज रोडच्या एखाद्या गेमिंग कॅफेत दहा मशीन असतील तर एकाने उतरवायचे आणि बाकीच्यांनी त्याच्याकडून घ्यायचे. चांगली सोय आहे, नाशिकच्या कॅफेवाल्यांनी ती जरूर वापरावी. पण बघा, भिंतीपलीकडच्या मशीनवरच्या फायली ओळखणारा हाच लाँचर त्याच डिस्कवरच्या शेजारच्या फोल्डरकडे वळून बघत नाही. तांत्रिक अडचण असती तर ती पहिल्या कामात जास्त आली असती.

स्टीमच्या आत तर परवाना आणि फायली केव्हाच वेगळ्या झालेल्या आहेत. एका मशीनवर दोन भावांची दोन स्टीम खाती असतील आणि दोघांनी खेळ विकत घेतलेला असेल, तर फायली एकदाच ठेवल्या जातात. कोण खेळतो आहे ते खाते ठरवते, काय खेळतो आहे ते डिस्क ठरवते. मावशीच्या घरी जे दुकान ओलांडल्याबरोबर अशक्य झाले ते दुकानाच्या आत सहज होते. कुठे काय बसवले आहे हेही गुपित नाही. स्टीम ते `appmanifest_271590.acf` सारख्या साध्या मजकुरी फाईलमध्ये लिहिते, एपिक `C:\ProgramData\Epic\EpicGamesLauncher\Data\Manifests` मधल्या `.item` फायलींमध्ये. दोन्ही नोटपॅडमध्ये उघडून वाचता येतात. एकमेकांची यादी दाखवण्यापर्यंत तर बाजार पोचलाच आहे. जीओजी गॅलक्सी इतर दुकानांतले खेळ एका यादीत आणून दाखवते. पण एकत्र आली ती फक्त यादी, फायली अलगच आहेत.

काही जण म्हणतील, खर्च कोण करणार आणि कशासाठी? त्यांना मी हेलडायव्हर्स २ कडे बघायला सांगेन. तिथे दुकाने नव्हे, खेळच स्वतःच्या आत तीच सामग्री अनेकदा ठेवत होता, जेणेकरून फिरत्या हार्ड डिस्कवर ती पटकन वाचता यावी. पीसीवर तो दीडशे जीबींवर गेला होता, कन्सोलवर त्याच्या पाव भागाच्या आसपास. खेळाडूंनी आरडाओरडा केला. कंपनीने प्रत्यक्ष मोजून पाहिले तेव्हा कळले की लोड व्हायला लागणारा बहुतेक वेळ मैदान तयार करण्यातच जातो, आणि नकला काढल्याने हार्ड डिस्कवाल्यांचे फार तर काही सेकंद जातील. डिसेंबर २०२५ मध्ये तो खेळ १५४ जीबीवरून २३ जीबीवर आला. इतकी वर्षे त्या नकलांच्या बाजूने जे कारण दिले जात होते ते कुणी मोजलेलेच नव्हते. दुकानांच्या जुळ्या प्रतींबाबतही कुणीतरी असेच बसून मोजावे, एवढीच माझी अपेक्षा आहे. त्यात दुकानांचाही फायदा आहे. जो खेळ ग्राहकाच्या डिस्कवर आधीच आहे तो पुन्हा पाठवायचा खर्च त्यांनाही येतोच.

हे कसे व्हावे? पहिली पायरी अगदी सोपी आहे: खेळ बसवायच्या खिडकीतच "हा खेळ या मशीनवर दुसऱ्या लाँचरने बसवलेला दिसतो, त्या फायली वापरू का?" असे विचारणारे एक बटण. चोरवाटेने आज जे चालते ते उघडपणे, थांबवा-चालू करा न करता. दुसरी पायरी अवघड आहे, आणि तिच्यासाठी दुकानांनी एकमेकांशी बोलावे लागेल: अवजड गठ्ठे एका सामाईक फोल्डरमध्ये, कुणालाही जागच्या जागी बदलता येणार नाहीत अशा रूपात, आणि प्रत्येक लाँचरची यादी त्या फोल्डरकडे बोट दाखवणारी. अपडेट आले की नवा तुकडा बाजूला लिहायचा, जुना तुकडा कुणाच्याच यादीत उरला नाही की पुसायचा. मॉडसाठी फक्त बदललेला भाग वेगळा. ज्या फाईल सिस्टिमवर नक्कल केली तरी बदल होईपर्यंत जागा लागत नाही, तिथे हे आणखी सोपे आहे; लिनक्सवरची बीटीआरएफएस आणि विंडोजवरची रेफएस या तशा आहेत. घराघरातली एनटीएफएस तशी नाही, म्हणून तिथे हे काम लाँचरलाच करावे लागेल.

शेडरच्या बाबतीत हा शहाणपणा येऊ लागला आहे. स्टीम डेक या हातात धरून खेळायच्या मशीनवर कार्ड एकच असल्याने स्टीम चालवणारी व्हाल्व्ह कंपनी आधीच शिजवलेले शेडर पाठवते, आणि २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही रॉग एक्सबॉक्स अलाय या तशाच मशीनसाठी तशी योजना आणली: एकाच मॉडेलच्या मशीनांवर पुन्हा पुन्हा होणारे काम एकदाच करून सगळ्यांना द्यायचे. पाच-सहा जीबींच्या कॅशेसाठी एवढा विचार होऊ शकतो, तर शंभर जीबींच्या जुळ्या प्रतीसाठी तो का होत नाही, हे मी दुकानांना विचारतो आहे. आणि तुमच्यापैकी ज्यांच्या मशीनवर एकच खेळ दोन ठिकाणी आहे त्यांनी तो दोन्ही दुकानांच्या मदत विभागाला लिहून विचारावा: खेळाचे नाव, दोन्ही फोल्डरांचे पत्ते, दोन्हींचा आकार, आणि एका मोठ्या फाईलचे दोन्हीकडचे ठसे सोबत जोडून. ठसे सारखे निघाले की "आवृत्त्या वेगळ्या असतात" हे उत्तर त्या फाईलपुरते तरी देता येणार नाही.